एल-वन असूनही काम न मिळालेल्या व्हेंडरला नकाराचा मेल कसा लिहावा

परचेसमध्ये नवीन लागलेल्या माणसाला ऑर्डर काढायला सगळे शिकवतात, नकार कळवायला कोणी शिकवत नाही. मग कुठून तरी जुना मेल काढून 'काही तांत्रिक कारणांमुळे आपली निविदा विचारात घेता आली नाही' असं एक वाक्य पाठवलं जातं. समोरचा मनात समजायचं ते समजतो: सेटिंग होती. पुढच्या वेळी तो कोटेशनच देत नाही, किंवा देतो तेव्हा उगाच रेट फुगवून देतो.

सर्वांत अवघड मेल असतो तो ज्याचा रेट सगळ्यात कमी होता, म्हणजे जो एल-वन होता, आणि तरीही ज्याला काम मिळालं नाही त्याला लिहायचा. म्हणून इथे तेच उदाहरण घेते. चाकणच्या पट्ट्यातला एक कारखाना, रोज साधारण ६०० थाळ्यांचं कँटीन, दोन वर्षांचं कंत्राट, तीन व्हेंडर. आकडे समजावण्यापुरते सोपे ठेवले आहेत, पण गुण देण्याची पद्धत हीच चालते. मी ज्या व्हेंडरला मेल लिहायला बसले आहे त्याचा रेट ७८ रुपये थाळी होता. काम गेलं ८४ रुपयेवाल्याला.

१. लिहायला बसण्यापूर्वी टेबलावर हे हवं

- चौकशीपत्राची किंवा आरएफक्यूची जशी पाठवली तशी प्रत, ज्यात टेक्निकल आणि रेटचं वजन लिहिलेलं आहे
- त्यानंतर काढलेली शुद्धिपत्रं आणि प्री-बिड बैठकीची उत्तरं
- कमिटीतल्या प्रत्येकाची सही असलेला गुणतक्ता, शेऱ्यांसह
- किचन भेटीचा अहवाल आणि फोटो
- व्हेंडरने दिलेली कागदपत्रं आणि आपण मागितलेले खुलासे
- तुलनात्मक तक्ता आणि मंजुरीची नोट
- बयाणा रक्कम घेतली असेल तर तिची पावती
- ट्रायल जेवणाचं बिल, द्यायचं ठरलं असेल तर

शेवटचं बारीक वाटेल, पण ट्रायलच्या दिवशीच्या थाळ्यांचे पैसे बाकी ठेवून नकार कळवू नका. आधी अकाउंट्सकडून ते बिल सोडवून घ्या. एरवी तुमचा मेल कितीही सभ्य असला तरी त्याच्या लक्षात एवढंच राहतं की जेवणही फुकट खाल्लं.

२. गणित स्वतः पुन्हा करा

कमिटीने दिलेली बेरीज तशीच उचलू नका. आमच्या उदाहरणात आरएफक्यूत लिहिलं होतं: टेक्निकल ६० टक्के, रेट ४० टक्के. टेक्निकल शंभरपैकी मोजायचं. रेटचे गुण काढायचे ते असे: सर्वांत कमी रेट भागिले त्या व्हेंडरचा रेट, गुणिले १००. म्हणजे सर्वांत कमी रेटवाल्याला पूर्ण १००, बाकीच्यांना त्या प्रमाणात कमी.

आपल्या व्हेंडरचे टेक्निकल गुण ७१. त्याचे साठ टक्के ४२.६०. रेटचे १०० पैकी १००, त्याचे चाळीस टक्के ४०. एकूण ८२.६०.

ज्याला काम मिळालं त्याचे टेक्निकल ८६, म्हणजे ५१.६०. रेटचे ७८ भागिले ८४, म्हणजे ९२.८६, त्याचे चाळीस टक्के ३७.१४. एकूण ८८.७४. तिसरा व्हेंडर ८१ रुपये रेट आणि ७० टेक्निकल गुणांवर ८०.५२ पर्यंत आला. आपला व्हेंडर दुसरा, ६.१४ गुणांनी मागे.

आता खरा उपयोगी प्रश्न विचारा: त्याला जिंकायला काय लागलं असतं? ६.१४ ला ०.६ ने भागलं की टेक्निकलमध्ये दहापेक्षा थोडे जास्त गुण येतात. ८१ गुणांवर तो ८८.६० ला अडकला असता, ८२ वर ८९.२० होऊन काम त्याचं झालं असतं. आणि रेट कमी करून? स्वतःचा रेट उतरवला तर त्याचे गुण शंभरच राहतात, समोरच्याचे कमी होत जातात. हिशेब केला तर त्याला ६५ रुपये १० पैशांच्याही खाली यावं लागलं असतं. त्या पैशांत थाळीत काय वाढणार, हे कँटीनवाल्याला तुम्ही सांगायची गरज नाही. फक्त हा दुसरा हिशेब तुमच्या फाइलपुरता आहे, मेलमध्ये घालायचा नाही. का, ते पुढे चौथ्या पायरीत येईल.

याच वेळी एक गोष्ट तपासा: गुणतक्त्यातली वजनं आरएफक्यूतल्या वजनांशी जुळतात का? रेट उघडल्यावर कोणी ६०-४० चं ७०-३० केलं असेल, किंवा 'जुना अनुभव' नावाचा नवा रकाना मागाहून घुसवला असेल, तर प्रामाणिक मेल लिहिताच येणार नाही. अशा वेळी मेल बाजूला ठेवा, फाइल घेऊन साहेबांकडे जा आणि मूल्यमापन दुरुस्त करून घ्या. शब्दांनी ते झाकण्याचं काम तुमचं नाही.

३. शेऱ्यांतलं मत काढा, पाहिलेलं ठेवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. कमिटीच्या शेऱ्यांत काय असतं? 'किचन ओके ओके.' 'कंप्लायन्स वीक.' 'बॅकअप नाही.' असे शेरे जसेच्या तसे मेलमध्ये गेले की भांडणाला निमंत्रण. प्रत्येक कापलेल्या गुणामागे कोणी काय पाहिलं, कुठल्या कागदात काय नव्हतं, ते शोधून काढा. सापडलं नाही तर ज्याने गुण दिले त्याला जाऊन विचारा.

आमच्या व्हेंडरचे गुण असे होते: किचनची स्वच्छता ३० पैकी २१, ट्रायल जेवण २० पैकी १७, मनुष्यबळ आणि पीएफ-ईएसआयसी २० पैकी १२, एवढ्याच आकाराच्या कामाचा अनुभव २० पैकी १५, पर्यायी व्यवस्था १० पैकी ६.

किचनचे नऊ गुण का गेले? अहवाल उघडला तर दिसलं की डीप फ्रीझरमध्ये कच्चं चिकन वरच्या कप्प्यात आणि कापलेली भाजी खालच्या कप्प्यात, झाकण न घालता ठेवली होती. तापमानाची नोंदवही मागितली तर नव्हती. गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवायचं, ही अन्नसुरक्षेच्या नियमांतली साधी अपेक्षा आहे आणि ती पाळली जाते हे दाखवायचा एकमेव मार्ग म्हणजे ती वही. 'किचन ओके ओके' पेक्षा हे लिहिलेलं वाचून माणूस रागावतो कमी, आणि दुसऱ्या दिवशी वही आणतो.

मनुष्यबळाचं प्रकरण जास्त नाजूक. त्याने दिलेल्या यादीत ३२ कामगार होते आणि ईसीआरमध्ये, म्हणजे दर महिन्याच्या पीएफ विवरणात, २४ नावं. सहा महिन्यांची चलनं मागितली होती, चारच जोडली होती. आपल्या दृष्टीने हे महत्त्वाचं, कारण कंत्राटदाराने भरलं नाही तर शेवटी मूळ मालकाकडे बोट येतं. पण म्हणून 'आपण आठ कामगारांचा पीएफ भरत नाही' असं लिहायचं का? मुळीच नाही. त्या आठांतले काही नुकते लागलेले असतील. काहींचा पगार १५,००० च्या वर असून ते कायद्यानुसार बाहेर असतील. आपल्याला माहीत आहे ते एवढंच: फरक आहे आणि त्याचा खुलासा कागदपत्रांत नव्हता. तेवढंच लिहा. (खरं तर रेट उघडण्यापूर्वीच हा खुलासा मागायला हवा. मागितला होता आणि आला नाही, तर ती तारीख मेलमध्ये टाका. मागितलाच नसेल तर पुढच्या वेळी मागा.)

ट्रायल जेवणाचे १७ गुण चांगले आहेत, तेही लिहा. नकाराच्या मेलमध्ये चांगलं लिहिलं की समोरचा ते धरून बसेल, अशी भीती काही जणांना असते. तसं होत नाही. चांगलं काय होतं ते नेमकं लिहिलं तर बाकीच्या गुणांवरही विश्वास बसतो. 'आपली सेवा उत्तम आहे' हे मात्र नेमकं नाही, ते गोड बोलणं झालं.

४. दुसऱ्याचा रेट नकळत फोडू नका

नवीन माणूस इथे हमखास अडकतो. आपण मेलमध्ये कोणाचाही रेट लिहिलेला नसतो, तरी तो बाहेर जातो.

विजेत्याचे रेटचे गुण ९२.८६ असं लिहिलंत की आपला व्हेंडर मोबाइलवर ७८ भागिले ०.९२८६ करतो आणि ८४ हा आकडा त्याच्यासमोर येतो. बरं, रेटचे गुण लिहिले नाहीत, पण विजेत्याचे टेक्निकल ८६ आणि एकूण ८८.७४ दोन्ही लिहिले, तरी वजाबाकी करून तोच आकडा निघतो. आणि ६५ रुपये १० पैशांवाला हिशेब दिलात तर एकूण गुणांच्या आधाराने त्यातूनही ८४ बाहेर पडतो. म्हणून विजेत्याचे फक्त एकूण गुण द्या. टेक्निकलमध्ये किती हवे होते हे सांगायला हरकत नाही, कारण ते एकूण गुणांतूनच निघतं, त्यात नवं काही फुटत नाही.

तिसऱ्या व्हेंडरला लिहिताना गोष्ट उलटी होते. तो एल-वन नव्हता, त्यामुळे त्याला त्याचेच रेटचे गुण ९६.३० कळवले तरी ८१ ला त्याने गुणून तो सर्वांत कमी रेट ७८ काढेल. त्याला एकूण गुण आणि टेक्निकल गुण एकत्र दिले तरी तेच. त्याला टेक्निकलचा तपशील आणि क्रमांक एवढंच द्या. म्हणजे एकच मेल नाव बदलून दोघांना पाठवता येत नाही.

आणि एक्सेल फाइल जोडू नका. लपवलेला रकाना उघडायला दोन क्लिक लागतात. गुणांचा तक्ता मेलच्या मजकुरातच टाइप करा. सगळ्या नाकारलेल्यांना एकाच मेलमध्ये 'टू' मध्ये टाकणं हाही तसलाच घोटाळा: कोण कोण शर्यतीत होतं ते सगळ्यांना कळतं.

५. वेळ: ना आधी, ना फार नंतर

विजेत्याने ऑर्डर किंवा एलओआय, म्हणजे काम देण्याच्या इराद्याचं पत्र, लेखी स्वीकारेपर्यंत थांबा. त्याने ऐनवेळी हात वर केले तर दुसऱ्या क्रमांकाच्या व्हेंडरकडेच जायचं असतं आणि त्याला तुम्ही आधीच नकार कळवलेला असेल तर पंचाईत होते. मात्र स्वीकृती आल्यावर त्याच दिवशी कळवा. नव्या कँटीनवाल्याची माणसं गॅसची जागा बघायला गेटवर आली की बातमी एमआयडीसीभर होते, आणि आपल्या व्हेंडरने ती चहाच्या टपरीवर ऐकावी यासारखं वाईट काही नाही.

मेलच्या आधी एक छोटा फोन करा, मालकाला, त्याच्या ऑफिसातल्या मुलाला नव्हे. 'दादा, कँटीनचा निर्णय झाला, काम आपल्याकडे येत नाहीये. गुण का कमी पडले ते मेलमध्ये सविस्तर लिहितेय, वाचा आणि मग बोलू.' एवढंच. फोनवर गुणांची चर्चा सुरू झाली की तुम्ही तोंडी काहीतरी बोलून बसता आणि मेलमध्ये वेगळं जातं.

मेल मराठीत लिहा. निविदा इंग्रजीत होती म्हणून नकारही इंग्रजीत हवा असं कुठे लिहिलेलं नाही. तुमच्या कंपनीला इंग्रजी प्रत लागत असेल तर तीही ठेवा, पण ज्याला समजायला हवं त्याला मराठी वाचू द्या.

६. मेल

विषय: कँटीन सेवा कंत्राट – मूल्यमापनाचा निकाल आणि आपल्या गुणांचा तपशील

नमस्कार,

आज फोनवर बोलल्याप्रमाणे, कँटीन सेवेचं दोन वर्षांचं काम दुसऱ्या संस्थेला देण्यात आलं आहे. आपला दर तिन्ही प्रस्तावांत सर्वांत कमी होता. तरीही निकाल असा का लागला, हे आपल्याला नीट कळावं म्हणून खाली तपशील देत आहे.

आरएफक्यूमध्ये कळवल्याप्रमाणे टेक्निकल गुणांना ६० टक्के आणि दराला ४० टक्के वजन होतं. आपले गुण:

किचनची स्वच्छता: ३० पैकी २१
ट्रायल जेवण: २० पैकी १७
मनुष्यबळ आणि पीएफ-ईएसआयसी: २० पैकी १२
समान आकाराच्या कामाचा अनुभव: २० पैकी १५
पर्यायी व्यवस्था: १० पैकी ६
टेक्निकल एकूण: १०० पैकी ७१ (वजनानुसार ४२.६०)
दर: १०० पैकी १०० (वजनानुसार ४०.००)
एकूण: ८२.६०, क्रमांक दुसरा

निवड झालेल्या संस्थेचे एकूण गुण ८८.७४ आहेत. आपल्या दरावर टेक्निकलमध्ये ८२ गुण मिळाले असते तर आपला क्रमांक पहिला आला असता.

गुण प्रामुख्याने दोन ठिकाणी कमी झाले. किचन भेटीच्या दिवशी डीप फ्रीझरमध्ये कच्चं चिकन वरच्या कप्प्यात आणि कापलेली भाजी खालच्या कप्प्यात, झाकणाविना होती, आणि तापमानाची नोंदवही उपलब्ध नव्हती. मनुष्यबळाच्या यादीत ३२ नावं आणि ईसीआरमध्ये २४ नावं होती. या फरकाचा खुलासा कागदपत्रांत नव्हता. सहा महिन्यांपैकी चार महिन्यांची चलनं मिळाली. पर्यायी व्यवस्थेत गॅस आणि पाण्याबद्दल लिहिलं होतं, पण माणसं न आल्यास काय करणार हे नव्हतं.

ट्रायल जेवणात भाकरी आणि उसळ दोन्ही पाळ्यांना गरम मिळाली, अशी नोंद कमिटीतल्या सर्वांनी केली आहे.

आपली बयाणा रक्कम परत करण्याची सूचना अकाउंट्सला दिली आहे. ती कोणत्या तारखेला जमा होईल हे वेगळं कळवते. आपली संस्था आमच्या मान्यताप्राप्त व्हेंडर यादीत कायम आहे.

गुणांबद्दल शंका असल्यास पुढच्या दहा दिवसांत कळवा, समोरासमोर बसून आपल्या गुणतक्त्यावर बोलू. इतर संस्थांचे दर आणि कागदपत्रं दाखवता येणार नाहीत, तसे आपलेही कोणाला दाखवलेले नाहीत.

आपली,
(नाव, हुद्दा, थेट फोन नंबर)

या मेलमध्ये 'खेद' आणि 'दुर्दैवाने' हे शब्द नाहीत, हे लक्षात आलं असेल. मी ते घालत नाही. निर्णय नियमाप्रमाणे झाला असेल तर खेद कशाचा, असा प्रश्न समोरच्याला पडतो. 'मॅनेजमेंटचा निर्णय' हेही नको. त्याने माणूस सरळ मॅनेजमेंटला फोन लावतो.

'पुढच्या वेळी नक्की' असं लिहू नका. खंडेनवमीच्या पूजेचं जेवण किंवा एखाद्या ऑडिटच्या दिवसाचे वाढीव डबे अशी छोटी कामं वर्षभर निघतात. त्यांची चौकशी त्याला पाठवायचं तुमच्या अधिकारात असेल तर ती निघेल तेव्हा पाठवा. आज मेलमध्ये त्याचं आमिष नको.

७. उत्तर आल्यावर

साधारण तीन प्रकारची उत्तरं येतात.

पहिलं: 'मॅडम, अजून दोन रुपये कमी करतो, बघा ना.' निकालानंतर रेटची बोलणी नाहीत, एवढंच सांगा. दोन रुपयांनी निकाल बदलला नसता हे तुम्हाला माहीत आहे. 'दर कमी करून हा फरक भरून निघण्यासारखा नव्हता' असं म्हणायला हरकत नाही, आकडा सांगू नका.

दुसरं: 'कमिटीत कोण होतं?' कुठली डिपार्टमेंट होती ते सांगा: एचआर, अ‍ॅडमिन, सेफ्टी. नावं नकोत. कोणी किती गुण दिले हे तर नाहीच.

तिसरं खरं महत्त्वाचं: 'गुण चुकलेत.' समजा तो म्हणाला की उरलेल्या दोन महिन्यांची चलनं त्याने मेलवर पाठवली होती. मग वाद घालायचा नाही, मेल शोधायचा. मुदतीत आलेली चलनं राहून गेली असतील तर कमिटीकडे जाऊन ते गुण पुन्हा द्यायला लावा आणि एकूण पुन्हा काढा. मनुष्यबळाचे पूर्ण २० दिले तरी टेक्निकल ७९ आणि एकूण ८७.४० होतात, म्हणजे इथे निकाल तोच राहतो. पण हे त्याला सुधारित आकड्यांसह लेखी कळवा. निकाल बदलत असेल तर ती गोष्ट तुमच्या हातातली राहत नाही, त्याच दिवशी वर कळवा. मुदतीनंतर आलेली कागदपत्रं मात्र धरायची नाहीत, मग तो कितीही जुना आणि चांगला माणूस असो.

भेटायला आला तर त्याचाच गुणतक्ता छापून समोर ठेवा. लॅपटॉप त्याच्याकडे वळवू नका, शेजारच्या टॅबमध्ये बाकीचे दोघे असतात.

८. सरकारी कार्यालयात असाल तर

वरचं सगळं खाजगी कंपनीचं आहे. सरकारी खरेदीत बरंच वेगळं असतं. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ नुसार काम न मिळालेल्यांची बयाणा रक्कम कंत्राट दिल्यापासून ३० व्या दिवसाच्या आत परत करावी लागते, आणि नाकारलं जाण्यावर प्रश्न विचारायची सोय निविदेतच ठेवावी लागते. सल्लागार सेवा सोडून इतर सेवांमध्ये गुणवत्तेला वजन द्यायलाही मर्यादा आहे: ऑक्टोबर २०२१ च्या केंद्रीय सूचनांप्रमाणे ते ३० टक्क्यांच्या वर जात नाही, त्यामुळे आमचं ६०-४० तिथे चालणार नाही. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका बघावी लागते. शिवाय निकाल पोर्टलवर दिसतो आणि माहिती अधिकारात फाइल मागता येते, म्हणून मेलमधला प्रत्येक आकडा फाइलमधल्या आकड्याशी जुळायलाच हवा.

९. फाइलला काय लावायचं

पाठवलेला मेल, फोनची तारीख आणि दोन ओळींची नोंद, व्हेंडरचं उत्तर, भेट झाली तर तिचं टिपण, बयाणा परत केल्याचा बँकेचा यूटीआर नंबर. ६५ रुपये १० पैशांचा हिशेब आतल्या नोटवर, व्हेंडरच्या पत्रव्यवहाराच्या फाइलीत नव्हे. आणि एक वेगळा कागद पुढच्या निविदेसाठी: या वेळी आरएफक्यूत काय नीट लिहिलं नव्हतं. आमच्या उदाहरणात त्यावर दोन ओळी येतील. तापमानाची नोंदवही मागच्या किती दिवसांची हवी ते लिहिलं नव्हतं. आणि मनुष्यबळाची यादी आणि ईसीआर यांत फरक असेल तर त्याचं कारण सोबत जोडायला सांगितलं नव्हतं.